विश्लेषण : लोहगावच्या सुखोईचा पल्ला आग्र्यातील टँकर कसा ठरवतो?

वाघोलीत सुखोईचा आवाज कोणाला नवा नाही. लोहगावचा हवाई तळ अगदी शेजारी आहे आणि रशियन बनावटीची ही लढाऊ विमाने भारतात प्रथम दाखल झाली ती याच तळावर. जून १९९७ मध्ये सुखोई-३० आले आणि सप्टेंबर २००२ मध्ये त्याची सुधारित आवृत्ती, म्हणजे सुखोई-३० एमकेआय. मात्र लोहगावहून उडालेले विमान किती दूर जाऊन परत येऊ शकते, हे केवळ त्या विमानावर ठरत नाही. जवळपास हजार किलोमीटर दूर, आग्र्याच्या तळावर उभ्या असलेल्या मोजक्या टँकर विमानांवर ते बरेचसे अवलंबून असते. हवेत इंधन भरणारी टँकर विमाने आणि अवजड मालवाहू विमाने हवाई दलाचा पल्ला नेमका कसा वाढवतात आणि भारताचे घोडे कुठे अडले आहे, याचा हा आढावा.

सुखोईचा स्वतःचा पल्ला किती?

सुखोई-३० एमकेआयच्या टाक्यांमध्ये सुमारे ९.६ टन इंधन मावते. तेवढ्यावर ते सुमारे ३,००० किलोमीटर उडू शकते. म्हणजे एका किलोमीटरला सरासरी सव्वातीन किलो इंधन लागते. पण ३,००० किलोमीटर हे एकूण अंतर झाले. विमानाला परतही यायचे असते, त्यामुळे कागदावरचा मारक टप्पा थेट निम्मा, म्हणजे १,५०० किलोमीटर होतो. प्रत्यक्षात तो आणखी कमी असतो. पंखांखाली क्षेपणास्त्रे टांगली की हवेचा अडथळा वाढतो. लक्ष्याजवळ आफ्टरबर्नर लावावा लागला, तर काही मिनिटांतच इंधनाचा मोठा हिस्सा जळतो. खराब हवामानामुळे ठरलेला तळ बंद झाला, तर दुसऱ्या तळापर्यंत जाता यावे म्हणून काही इंधन राखूनच ठेवावे लागते.

हवेत एकदा इंधन भरले की हाच पल्ला सुमारे ५,२०० किलोमीटरपर्यंत जातो आणि दोनदा भरले तर ८,००० किलोमीटरपर्यंत. एकदा भरल्यावर तो दुप्पट, म्हणजे ६,००० किलोमीटर का होत नाही? कारण कोणताही वैमानिक टाकी रिकामी होईपर्यंत थांबून मग टँकरकडे जात नाही. नळी जोडली गेली नाही किंवा टँकर वेळेवर पोहोचलाच नाही, तरी जवळच्या तळावर उतरता येईल एवढे इंधन शिल्लक असतानाच भरण्याची जागा ठरवली जाते. त्यामुळे एका भरणीत ९.६ नव्हे, तर साधारण सात टन इंधन घेता येते. वाढलेले २,२०० किलोमीटर त्याच सात टनांचे आहेत.

टँकरचा आणखी एक उपयोग आहे, तो कमी ठाऊक असतो. लोहगावची धावपट्टी सुमारे अडीच किलोमीटरची आहे, तळ समुद्रसपाटीपासून सुमारे ५९० मीटर उंचावर आहे आणि एप्रिल-मेच्या दुपारी येथील हवा तापून विरळ होते. अशा वेळी भरलेल्या टाक्या आणि अवजड शस्त्रे घेऊन उडणे कोणत्याही लढाऊ विमानाला जड जाते. टँकर उपलब्ध असेल तर शस्त्रे पूर्ण घ्यायची, इंधन थोडे कमी ठेवून उडायचे आणि वर गेल्यावर टाक्या भरून घ्यायच्या, असे करता येते.

हवेत इंधन भरतात कसे?

भारताकडे असलेले आयएल-७८ एमकेआय हे मूळच्या आयएल-७६ मालवाहू विमानावर बेतलेले टँकर आहे. अशी सहा विमाने २००३ पासून हवाई दलात दाखल झाली. ती आग्र्याच्या ७८ क्रमांकाच्या स्क्वाड्रनकडे आहेत. दोन्ही पंखांखाली एकेक आणि शेपटाच्या बाजूला एक अशी इंधन देणारी तीन यंत्रे त्यावर असतात. प्रत्येक यंत्रातून सुमारे २६ मीटर लांबीची रबरी नळी मागे सोडली जाते. नळीच्या टोकाला बॅडमिंटनच्या फुलासारखी दिसणारी टोपली असते. वाऱ्याच्या झोताने ती उघडते आणि नळीला स्थिर ठेवते. सुखोईच्या नाकाजवळ डाव्या बाजूला एक दांडा असतो. एरवी तो आत दुमडलेला असतो, भरणीच्या वेळी बाहेर येतो. त्याला प्रोब म्हणतात.

टँकर ठरलेल्या उंचीवर, ठरलेल्या वेगाने, लांबट वर्तुळात फिरत राहतो. सुखोई मागून येते, टोपलीच्या काही मीटर मागे थांबून वेग जुळवते आणि मग टँकरपेक्षा किंचित जास्त वेगाने पुढे सरकते. हा फरक माणसाच्या चालण्याच्या वेगाएवढाच असतो. वेग कमी पडला तर प्रोब टोपलीला लागते, पण झडप उघडत नाही. जास्त झाला तर नळीला लाट बसते, ती चाबकासारखी उसळते आणि प्रोबचे टोक मोडू शकते. शिवाय विमानाच्या नाकापुढे दाबली गेलेली हवा टोपलीला ऐन वेळी बाजूला ढकलते. म्हणून वैमानिक टोपलीचा पाठलाग करत नाहीत. नजर टँकरवर ठेवून सरळ पुढे जाण्याचे प्रशिक्षण त्यांना दिलेले असते.

प्रोब बसल्यावर विमान आणखी थोडे पुढे सरकते, नळी काही मीटर आत गुंडाळली जाते आणि मगच इंधन वाहू लागते. सात टन म्हणजे जवळपास पावणेनऊ हजार लिटर. मिनिटाला हजार-बाराशे लिटरच्या वेगाने ते घ्यायला सात-आठ मिनिटे लागतात. या वेळात दोन्ही विमाने ढगांत शिरली, वळणावर आली किंवा हवेत हादरे बसू लागले, तर जोडणी सोडून द्यावी लागते. जोडणीपाशी पांढरट फवारा दिसणे ही गळतीची खूण असते आणि त्यानंतर पुन्हा प्रयत्न करायचा की परतायचे, हे उरलेल्या इंधनावर ठरते.

एक टँकर किती विमानांना पुरतो?

इथेच खरी गोम आहे. टँकरची चारही इंजिने त्याच साठ्यातील इंधन जाळतात. म्हणजे जे इंधन वाटायचे, त्यातूनच टँकरला स्वतःचा प्रवासही भागवायचा असतो. ढोबळ हिशेब करून पाहू. टँकर सुमारे १०० टन इंधन घेऊन निघाला आणि त्याची इंजिने ताशी आठ-नऊ टन इंधन पितात असे धरले. ताशी ७५० किलोमीटर वेगाने १,००० किलोमीटरवरच्या ठिकाणी जायला एक तास २० मिनिटे, परत यायला तेवढीच आणि तेथे घिरट्या घालायला दीड तास. एकूण सव्वाचार तासांच्या आसपास. यात ३५ ते ३६ टन इंधन जाते. आणीबाणीसाठी दहा टन राखले, तर वाटायला सुमारे ५५ टन उरतात. प्रत्येकी सात टनांप्रमाणे सात ते आठ सुखोईंना ते पुरतात.

आता हीच भेट २,५०० किलोमीटरवर ठरवली तर? जाण्या-येण्यातच पावणेसात तास मोडतात. घिरट्या धरून टँकर स्वतःच ७० टन इंधन जाळतो. दहा टन राखल्यावर हाती २० टन राहतात, म्हणजे जेमतेम तीन सुखोई. अंतर अडीचपट झाले, तर मदत निम्म्याहून कमी झाली.

आग्रा ते लोहगाव हवाई अंतर हजार किलोमीटरहून थोडे अधिक आहे. म्हणजे आग्र्याहून निघालेला टँकर पुण्याच्या आकाशात पोहोचतो, तेव्हाच वरच्या हिशेबातले पहिले उदाहरण संपलेले असते. अरबी समुद्रात खोलवर जायचे असेल, तर टँकर आधीच दक्षिणेकडच्या किंवा किनाऱ्याजवळच्या तळावर आणून ठेवावे लागतात. पण तेही सोपे नसते. १०० टन इंधन म्हणजे सव्वा लाख लिटर. नगर रस्त्यावर दिसणाऱ्या २० हजार लिटरच्या टँकरचे गणित लावले, तर एका विमानाला सहाहून अधिक गाड्या लागतात. एवढा साठा, तो भरण्याची सोय, लांब धावपट्टी आणि अवजड विमान उभे करण्याची जागा प्रत्येक तळावर नसते.

टँकरने टँकर भरायची वेळ आली की काय होते?

याचे सर्वांत बोलके उदाहरण १९८२ च्या फॉकलंड युद्धातील आहे. ब्रिटिश हवाई दलाला असेन्शन बेटावरून सुमारे ६,३०० किलोमीटर दूर असलेल्या पोर्ट स्टॅन्लेच्या धावपट्टीवर बॉम्ब टाकायचे होते. एका व्हल्कन बॉम्बरला तिथवर नेण्यासाठी ११ व्हिक्टर टँकर उडवावे लागले. कारण व्हल्कनला शेवटचे इंधन देणाऱ्या टँकरला आधी दुसऱ्या टँकरने भरायचे होते, त्याला तिसऱ्याने. सुमारे १६ तासांच्या त्या मोहिमेत २१ बॉम्ब पडले आणि धावपट्टीवर एक लागला. अंतर वाढते तसे टँकरची गरज सरळ रेषेत वाढत नाही, ती दामदुपटीने वाढते, हे त्या मोहिमेने दाखवून दिले.

जून २०२५ मध्ये अमेरिकेने सात बी-२ बॉम्बर मिसूरीहून थेट इराणवर पाठवले. लक्ष्यापर्यंतचा प्रवासच सुमारे १८ तासांचा होता आणि वाटेत अनेकदा इंधन भरले गेले. मोहिमेत १२५ हून अधिक विमाने होती. चर्चा बॉम्बरची झाली, पण त्या यादीतील मोठा वाटा टँकरचा होता.

भारताने याचा वापर कधी केला?

एप्रिल २०१८ मधील ‘गगनशक्ती’ सरावात पूर्व किनाऱ्यावरच्या तळावरून निघालेल्या सुखोईंनी हवेत इंधन घेतले, पश्चिमेकडील समुद्रात २,५०० किलोमीटरहून दूरच्या लक्ष्यांवर हल्ल्याचा सराव केला आणि दक्षिणेतील तळावर त्या उतरल्या. एकूण उड्डाण सुमारे ४,००० किलोमीटरचे होते. जून २०२३ मध्ये सुखोईंनी हिंदी महासागर क्षेत्रात सुमारे आठ तासांची मोहीम केली. त्याआधी २००८ मध्ये अमेरिकेतील ‘रेड फ्लॅग’ सरावासाठी आठ सुखोई नेवाडापर्यंत गेल्या, तेव्हा सोबत दोन आयएल-७८ टँकर आणि एक आयएल-७६ मालवाहू विमान होते.

नोव्हेंबर २०२० मध्ये फ्रान्सहून निघालेली तीन राफेल विमाने कुठेही न थांबता आठ तासांहून अधिक उडून जामनगरला उतरली. वाटेत तीनदा इंधन भरले गेले. त्याच वर्षी जुलैमध्ये आलेल्या पहिल्या पाच राफेलना मात्र संयुक्त अरब अमिरातीत मुक्काम करावा लागला होता.

यात मालवाहू विमानांचे काम काय?

टँकर लढाऊ विमानाला दूर नेतो, पण उतरल्यावर ते विमान पुन्हा उडवायला तंत्रज्ञ, सुटे भाग, क्षेपणास्त्रे, ती चढवण्याच्या गाड्या आणि जनित्रे लागतात. हा सगळा संसार मालवाहू विमान घेऊन येते. ते आले नाही, तर लढाऊ विमान दुसऱ्या तळावर केवळ पाहुणे ठरते.

भारताकडे सी-१७ ग्लोबमास्टर जातीची ११ विमाने आहेत. दिल्लीजवळच्या हिंडन तळावर २०१३ पासून ती आहेत. त्यांची ताकद आणि मर्यादा एका साध्या वजाबाकीतून कळते. उड्डाणाच्या वेळी विमानाचे कमाल वजन सुमारे २६५ टन असू शकते. रिकाम्या विमानाचे वजन सुमारे १२८ टन असते. ७७ टनांचा पूर्ण माल भरला, तर इंधनासाठी ६० टनच उरतात, जरी टाक्यांत १०० टनांहून अधिक मावत असले तरी. म्हणून पूर्ण मालासह पल्ला साडेचार हजार किलोमीटरच्या आसपास राहतो आणि माल कमी केला की तो झपाट्याने वाढतो.

मार्च २०२४ मध्ये सोमाली चाच्यांनी पळवलेल्या ‘रुएन’ जहाजावरील कारवाईत ही दुसरी बाजू दिसली. सी-१७ ने किनाऱ्यापासून सुमारे २,६०० किलोमीटर दूर समुद्रात नौदलाचे मार्कोस कमांडो आणि दोन बोटी पॅराशूटने उतरवल्या. माल हलका होता, त्यामुळे टाक्या भरून घेता आल्या आणि हवेत इंधन न भरताही सुमारे दहा तासांचे उड्डाण पार पडले. जहाजावरील १७ कर्मचारी सुटले, ३५ चाचे शरण आले आणि नंतर मुंबईत पोलिसांच्या ताब्यात दिले गेले. याउलट लडाखमध्ये २०२० नंतर रणगाडे नेताना एका सी-१७ मध्ये सुमारे ४६ टनांचा एकच रणगाडा नेण्याची वेळ आली. त्या काळात ६८ हजारांहून अधिक सैनिक आणि सुमारे ९० रणगाडे पूर्व लडाखला हवाई मार्गाने पोहोचवल्याचे वृत्त होते.

पुणेकरांनी या विमानाचा उपयोग करोनाच्या दुसऱ्या लाटेत पाहिला. २४ एप्रिल २०२१ रोजी हिंडनहून निघालेले सी-१७ सकाळी दहाच्या सुमारास पुण्यात उतरले, प्राणवायूच्या दोन रिकाम्या क्रायोजेनिक टँकर गाड्या पोटात घेतल्या आणि दुपारी दीडच्या सुमारास जामनगरला पोहोचले. गाड्या रिकाम्याच का नेल्या? द्रवरूप प्राणवायू सतत उकळत असतो आणि त्याचा वायू वरचेवर सोडून द्यावा लागतो. बंद विमानात असा वायू साठणे म्हणजे आगीला निमंत्रण. म्हणून जाताना रिकामी गाडी हवेतून न्यायची आणि भरलेली रस्त्याने किंवा रेल्वेने आणायची, अशी विभागणी झाली. पुणे ते जामनगर रस्त्याने साडेनऊशे किलोमीटरच्या आसपास पडते. हवेतून ते अंतर ६०० किलोमीटर आहे. एक दिशा हवेतून कापल्याने प्रत्येक गाडीची फेरी निम्म्या वेळेत होऊ लागली आणि तेवढ्याच गाड्यांत जास्त प्राणवायू आणता आला.

मग सी-१७ मध्ये हवेत इंधन का भरत नाहीत?

भारताच्या ताफ्यातील एक मोठी विसंगती इथे आहे. सी-१७ अमेरिकी पद्धतीचे आहे. त्याच्या पाठीवर एक खाच असते आणि टँकरच्या शेपटाखालून येणारा ताठ नळ तिथे बसवला जातो. या नळाला बूम म्हणतात. तो टँकरमधील कर्मचारी चालवतो आणि त्यातून इंधन नळीपेक्षा कितीतरी वेगाने जाते. आयएल-७८ मध्ये बूमच नाही, फक्त टोपलीची नळी आहे. त्यामुळे देशातील सर्वांत मोठ्या मालवाहू विमानाला देशातील कोणताही टँकर इंधन देऊ शकत नाही. सुखोई, राफेल, मिराज, जग्वार आणि तेजस यांना चालणारी सोय सी-१७ साठी निरुपयोगी ठरते.

सी-१७ चे उत्पादन २०१५ मध्ये थांबले आहे. आणखी नवी विमाने घेण्याचा मार्ग बंद असल्याने आहेत त्या अकरांचा पल्ला वाढवणे हाच पर्याय उरतो आणि त्यासाठी बूम असलेला टँकर हवा.

मग भारताचे घोडे कुठे अडले?

पहिली अडचण संख्येची. सहा टँकर कागदावर आहेत, पण उडण्यास तयार किती, हा खरा प्रश्न. नियंत्रक व महालेखापरीक्षकांच्या (कॅग) २०१७ च्या अहवालानुसार २०१० ते २०१६ या काळात आयएल-७८ ची सरासरी उपलब्धता ४९ टक्के होती. अपेक्षा ७० टक्क्यांची होती. म्हणजे एखाद्या दिवशी सरासरी तीनच टँकर हाताशी. दोन आघाड्यांवर एकाच वेळी मोहीम चालवायची झाली, तर हा आकडा किती तोकडा आहे, हे वरचा हिशेब पाहिल्यावर वेगळे सांगायला नको. शिवाय हे विमान ताश्कंदला तयार झाले. सोव्हिएत संघ फुटल्यावर सुटे भाग मिळवणे हे या सगळ्या ताफ्याचेच दुखणे बनले.

दुसरी अडचण खरेदीची. एअरबसच्या ए-३३० टँकरची निवड करून नंतर ती प्रक्रिया २०१० मध्ये रद्द झाली. पुन्हा निविदा निघाली, २०१३ मध्ये तेच विमान पसंत ठरले आणि २०१६ मध्ये तीही निविदा मागे घेतली गेली. दोन्ही वेळा किमतीचा मुद्दा आडवा आला. मार्च २०२५ मध्ये हवाई दलाने मेट्रिया या खासगी कंपनीकडून एक केसी-१३५ टँकर भाडेतत्त्वावर घेतला, पण तो हवाई दल आणि नौदलाच्या वैमानिकांच्या प्रशिक्षणासाठी. युद्धकाळात खासगी कंपनीच्या विमानावर विसंबता येत नाही. या भाड्याचा फायदा एवढाच की सरावासाठी आयएल-७८ ची उड्डाणे खर्ची पडत नाहीत.

ऑक्टोबर २०२५ मध्ये इस्रायलची आयएआय ही कंपनी जुनी बोईंग-७६७ प्रवासी विमाने टँकरमध्ये रूपांतरित करून देण्याच्या स्पर्धेत एकटीच उरल्याचे आणि सहा विमानांचा हा व्यवहार सुमारे ८ हजार कोटी रुपयांचा असल्याचे वृत्त आले. जुने प्रवासी विमान वापरल्याने किंमत कमी राहते आणि सुटे भाग मिळणे तुलनेने सोपे होते. हे टँकर आले तर संख्या सहावरून बारा होईल. पण त्याहून महत्त्वाचा प्रश्न या टँकरना टोपलीसोबत बूमही असेल का, हा आहे. असेल तर सी-१७ पूर्ण माल घेऊन निघू शकेल आणि वाटेत टाक्या भरू शकेल. नसेल तर लढाऊ विमानांची सोय होईल, मालवाहू ताफा मात्र आहे तिथेच राहील. करारावर सही होईल तेव्हा विमानांच्या संख्येआधी ही ओळ पाहावी लागेल. त्यानंतर नवे टँकर कोणत्या तळावर ठेवले जातात हेही महत्त्वाचे ठरेल, कारण आग्र्याऐवजी ते द्वीपकल्पात कुठे उभे राहिले, तर तेवढ्याच इंधनात लोहगावच्या अधिक सुखोई अरबी समुद्रात दूरवर जाऊन परतू शकतील.